आभाराचा मेसेज: ‘खूप छान’ ऐकायला पाठवू नका, पाकिटात किती उरलंय ते विचारायला पाठवा



मागच्या व्हिडिओत आपण बोललो की नवीन माल बाजारात आणायच्या आधी वीस-पंचवीस घरांत तो वापरायला द्यायचा. सॉफ्टवेअरवाले या लोकांना बीटा टेस्टर म्हणतात. आपण दुकानदार लोक आपापल्या भाषेत सांगायचं तर ही आपली ‘चाखणारी घरं’. माल दिला, तीन आठवडे गेले, आता त्यांचे आभार मानायचे आणि शेवटचं मत घ्यायचं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, “सर, तो मेसेज कसा लिहायचा? एखादा फॉरमॅट द्या.”

फॉरमॅट देतो, खाली पूर्ण दिलाय. पण आधी माझं मत सांगतो, कारण मत पटलं नाही तर फॉरमॅट कॉपी करून उपयोग नाही. माझं मत असं आहे की आपल्यातले बहुतेक जण हा मेसेज औपचारिकता म्हणून पाठवतात, आणि त्यात बक्षीस अशा पद्धतीनं बांधतात की समोरचा माणूस खरं बोलूच शकत नाही. ही चूक मी स्वतः केलीय. त्यामुळे सुरुवात माझ्यापासूनच करतो.

चिवड्याची गोष्ट

चिपळूणला माझं फराळाच्या पदार्थांचं आणि मसाल्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा काढला. तीस ओळखीच्या घरांत पाकिटं दिली आणि पंधरा दिवसांनी सगळ्यांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेऊन मेसेज टाकला: ‘आमच्या परिवाराचा भाग झाल्याबद्दल मनःपूर्वक आभार! आपला बहुमूल्य अभिप्राय कळवा आणि पुढच्या खरेदीवर 20 टक्के सूट मिळवा.’

पहिलं उत्तर पाच मिनिटांत आलं, ‘खूप छान, घरात सगळ्यांना आवडला.’ मग दुसरं, तिसरं. संध्याकाळपर्यंत बावीस उत्तरं आणि बावीसच्या बावीस ‘छान’. मी खूश. बीबीएला मार्केट रिसर्चचा पेपर दिला होता, तरी त्या दिवशी डोक्यात एकही शंका आली नाही. छापील पाऊच मागवले, दोन हजार.

पावसाळा लागला आणि विक्री थांबली. त्या तीस घरांपैकी चार घरांनी चिवडा परत नेला, बाकीच्यांनी नाही. एक काकू नेहमी दुकानात यायच्या, चाखणाऱ्यांपैकीच होत्या. शेवटी मी त्यांना काउंटरवरच विचारलं. त्या म्हणाल्या, “अरे, चव चांगलीच होती. पण पाकीट उघडलं की दोन दिवसांत मऊ पडायचा. डब्यात काढून ठेवला तरी तेच.”

मी म्हटलं, “काकू, मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू सूट देत होतास. आणि त्या ग्रुपवर सगळ्यांनी छान छान लिहिलेलं. मीच एकटी वाईट कशाला बोलू?”

बघा, काकूंनी काही लपवलं नव्हतं. मीच प्रश्न असा विचारला होता की त्याला एकच उत्तर शक्य होतं. लाह्या हवेतला ओलावा पटकन ओढतात, आमच्याकडे जून-जुलैत हवा किती दमट असते ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मी घेतलेला पाऊच पातळ आणि बिनझिपचा. कारण साधं होतं. तीस घरांना ते माहीतही होतं. फक्त माझ्यापर्यंत पोचलं नाही, आणि दोन हजार पाऊच छापून झाले.

सूट हे बक्षीस नाही

त्या मेसेजमध्ये तीन चुका होत्या. त्यातली पहिली सगळ्यात जास्त दिसते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

‘मत द्या आणि सूट मिळवा’ हा सौदा झाला, आभार नाही. सौद्यात माणूस समोरच्याला जे हवं तेच देतो. आणि समोरच्याला काय हवंय हे न सांगताही कळतं: दुकानदाराला कौतुक हवंय. शिवाय सूट घ्यायची तर त्या माणसानं आधी खिशातून पैसे काढले पाहिजेत. म्हणजे त्यानं तीन आठवडे आपलं काम केलं आणि त्याबद्दल आपण त्याला आपलाच माल विकतोय. लोक बोलत नाहीत, पण त्यांना हे कळतं.

दुसऱ्या टोकाची चूकही मी पाहिलीय. माझ्या बॅचमधल्या एकानं प्रत्येक घराला पन्नास रुपये फोनवर पाठवले. हेतू चांगला होता, पण पैसे आले की ती मजुरी होते, आणि मग माणूस मनात हिशोब करतो: तीन आठवडे वापरलं, वर फोनवर उत्तरं दिली, त्याचे पन्नासच? जे काम त्यानं आनंदानं केलं असतं त्याची किंमत आपण उगाच लावून दिली.

माझा नियम आता असा आहे. बक्षीस लहान असावं, वस्तू असावी, दुकानातलंच असलं तरी चालेल पण ज्या मालाची चाचणी चालू आहे तो नसावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते उत्तर मागायच्या आधी हातात पडावं. ज्यानं काहीच कळवलं नाही त्यालाही, ज्यानं वाईट सांगितलं त्यालाही. उत्तराशी त्याचा संबंधच ठेवायचा नाही. “उत्तर आधीच दिलेल्या वस्तूसाठी द्यायचं नाहीये,” एवढं समजलं की माणूस मोकळा होतो.

काही जण म्हणतात, आपलीच माणसं आहेत, त्यांना कशाला बक्षीस? मला हे पटत नाही. आपली माणसं आहेत म्हणूनच ती गृहीत धरली जातात, आणि गृहीत धरलेला माणूस दुसऱ्यांदा चाचणीला तयार होत नाही. ही वीस-पंचवीस घरं पुढच्या मालालाही लागणार आहेत.

भाजणीच्या वेळी काय केलं

चिवड्यानंतर मी थालीपीठ भाजणी काढली. चोवीस घरं, प्रत्येकी अर्ध्या किलोचं पाकीट, तीन आठवडे. या वेळी छापील पाऊच नाही. साधा झिपचा पाऊच आणि त्यावर स्टिकर, कारण स्टिकर बदलता येतं.

तीन आठवडे झाल्यावर प्रत्येक घरी मेतकुटाचं शंभर ग्रॅमचं पाकीट पोचवलं. मला ते 32 रुपयांना पडतं, म्हणजे चोवीस घरांचे 768 रुपये. पाकिटावर हातानं लिहिलेली एक चिठ्ठी: ‘तीन आठवडे भाजणी वापरून बघितलीत, त्याबद्दल आभार.’ बस. चिठ्ठीत प्रश्न नाही, दुकानाची जाहिरात नाही.

मेसेज त्याच दिवशी संध्याकाळी, एकेकाला वेगळा. ग्रुप केला नाही. ग्रुपमध्ये पहिला माणूस जे लिहितो तेच पुढचे सगळे लिहितात, हा चिवड्याचा धडा. ब्रॉडकास्ट लिस्टनंही पाठवता येतं, पण लक्षात ठेवा, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही, आणि तुम्हाला वाटतं तो उत्तर देत नाहीये. चोवीस माणसं म्हणजे एका तासाचं काम. नावानिशी पाठवा.

मेसेज असा होता:

> काकू, नमस्कार. मेतकूट पोचलं असेल. तीन आठवडे भाजणी वापरलीत, त्याबद्दल मनापासून आभार. मेतकूट त्यासाठीच आहे, उत्तरासाठी नाही.
>
> स्टिकर पुढच्या सोमवारी छापायला देतोय. त्याआधी तीन गोष्टी कळल्या तर चुका सुधारता येतील:
>
> 1. भाजणीच्या पाकिटाचा (किंवा डब्याचा) आत्ता जसा आहे तसा एक फोटो पाठवाल का? किती उरलीय तेवढंच बघायचंय.
>
> 2. शेवटचं थालीपीठ कधी केलंत, आणि कोणी कोणी खाल्लं?
>
> 3. करताना कुठे अडलं, वैताग आला, असं काही झालं का?
>
> व्हॉइस मेसेज पाठवलात तरी चालेल. शनिवारपर्यंत कळवा. वाईट सांगितलंत तर माझे पैसे वाचतील.

तुमच्या लक्षात आलं असेल, यात ‘आवडली का’ असं कुठेही विचारलेलं नाही. हीच माझ्या म्हणण्याची मूळ गोष्ट आहे. ‘आवडली का’ याला ओळखीचा माणूस ‘हो’च म्हणणार, ती त्याची सभ्यता आहे. पण पाकिटाला सभ्यता नसते. अर्धा किलो भाजणी तीन आठवड्यांत संपली, की चारशे ग्रॅम तशीच पडून आहे, हे फोटोत दिसतं. मत विचारू नका, काय घडलं ते विचारा.

दुसरा प्रश्नही घडलेल्या गोष्टीचाच आहे. ‘परवा सकाळी केलं, मुलांनी खाल्लं, ह्यांनी नाही’ या एका वाक्यात किती माहिती आहे बघा. तिसरा प्रश्न ‘काही सुधारणा सुचवा’ असा मुद्दाम ठेवला नाही. सुधारणा सुचवणं हे आपलं काम आहे, ग्राहकाचं नाही. त्यानं फक्त कुठे अडलं ते सांगायचं.

आणि शनिवार का? कारण तारीख खरी होती. सोमवारी स्टिकर छापायला जाणार होतं. ‘आपल्या सोयीनं कळवा’ असं लिहिलं की उत्तर कधीच येत नाही. तीन दिवसांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

उत्तरांतून काय निघालं

चोवीसपैकी एकोणीस जणांनी उत्तर दिलं. आठ घरांत भाजणी पूर्ण संपली होती. चार घरांत थोडीशी उरली होती. सात घरांत अर्ध्याहून जास्त शिल्लक.

आता गंमत बघा. या सात घरांपैकी पाच घरांनी फोटोखाली लिहिलं होतं, ‘चव मस्त आहे.’ मी जुन्या पद्धतीनं विचारलं असतं तर ही पाच उत्तरं ‘छान’च्या खात्यात गेली असती. पण चव मस्त आहे तर पाकीट संपलं का नाही?

म्हणून त्या सातही जणांना फोन केला. दहा मिनिटं, भांडण नाही, समर्थन नाही, फक्त “थालीपीठ करताना काय काय करता ते जरा क्रमानं सांगाल का?” एवढं विचारायचं. पाच जणांकडून एकच गोष्ट निघाली: थापताना कडा फाटतात आणि उलटताना थालीपीठ तुटतं. एक वहिनी म्हणाल्या, “मला वाटलं मलाच जमत नाहीये. म्हणून तिसऱ्या प्रश्नाला काही लिहिलं नाही.”

हे वाक्य लिहून ठेवा. ग्राहकाला अडचण आली की पुष्कळदा तो मालाला नाही, स्वतःला दोष देतो. आणि स्वतःची चूक कोण कळवणार?

या पाचही जणी नळाच्या गार पाण्यात पीठ भिजवत होत्या आणि लगेच थापत होत्या. ज्या आठ घरांत पाकीट संपलं तिथल्या काकूंना मी मुद्दाम विचारलं. त्या कोमट पाण्यात भिजवतात आणि पीठ थोडा वेळ झाकून ठेवतात. त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही, हाताची सवय आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी यांच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा नसतो. कोमट पाण्यानं ते जरा चिकट होतं, आणि झाकून ठेवलं की भाजणीतले जाडसर कण पाणी शोषून घेतात. मग कडा कमी फाटतात. माझ्या आईलाही हे माहीत होतं, म्हणून आमच्या घरी कधी अडलं नाही, आणि म्हणूनच स्टिकरवर मी लिहिलं होतं: ‘आवश्यकतेनुसार पाणी घालून मळा.’

म्हणजे भाजणीत दोष नव्हता. दोष त्या एका ओळीत होता. स्टिकर बदललं: ‘एक वाटी भाजणीला साधारण अर्धी ते पाऊण वाटी कोमट पाणी, थोडं थोडं घालून भिजवा. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. ओल्या कपड्यावर थापा.’ त्या पाच घरांना पाव किलो भाजणी नव्या स्टिकरसह पुन्हा दिली. चौघींची थालीपिठं अखंड उतरली. पाचवीचं तरी तुटत होतं. तिच्या घरी जाऊन पाहिलं तर कांदा खूप जाड चिरलेला. ‘कांदा बारीक चिरा’ हे तीन शब्द वाढवावे म्हणून वाढवले.

राहिलेल्या सात घरांतल्या दोन घरांचं कारण वेगळं होतं. एका घरी माहेरची भाजणी येते. तिथे माझी भाजणी कधीच विकली जाणार नाही, आणि ते ठीक आहे. दुसऱ्या घरी सासूबाईंना भाजणीतले धणे जास्त वाटत होते. एका घराच्या चवीवरून माप बदलायचं नाही, ते फक्त वहीत नोंदवलं.

आणि ज्या पाच जणांनी उत्तरच दिलं नाही? त्यातले तिघे नंतर दुकानात भेटले. दोघांनी पाकीट उघडलंच नव्हतं, म्हणून लाजेनं गप्प होते. न आलेलं उत्तर हेही उत्तरच असतं, फक्त त्यावरून कोणाला बोल लावू नका. त्यांनाही मेतकूट दिलं होतं, ते परत मागायचं नसतं.

या मेसेजमध्ये काय घालायचं नाही

दोन मोह टाळा. पहिला, याच मेसेजमध्ये ‘गूगलवर पाच स्टार द्या’ हे मागण्याचा. फुकट वस्तू किंवा सूट देऊन रिव्ह्यू लिहून घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. नियम बाजूला ठेवला तरी, ज्या माणसाकडून तुम्हाला दोष ऐकायचेत त्याच्याकडेच त्याच श्वासात कौतुक मागितलंत की तो दोष सांगायचं सोडून देतो. तुम्हाला एकच काहीतरी मिळणार आहे. पाऊच छापायच्या आधी दोष जास्त कामाचे.

दुसरा मोह विक्रीचा. किंमत किती ठेवावी, घ्याल का, हे विचारायचं असतं मान्य आहे. पण ‘140 रुपयांना घ्याल का?’ याला पुन्हा सभ्य ‘हो’च येतो. मी आठवड्यानं वेगळा मेसेज पाठवला: ‘भाजणी दुकानात आलीय, अर्धा किलो 140 रुपये. तुमच्यासाठी एक बाजूला ठेवू का?’ अकरा घरांनी ठेवायला सांगितलं, नऊ जण प्रत्यक्ष येऊन घेऊन गेले. मी पहिला घाणा नऊवर बेतला, चोवीसवर नाही.

शेवटचा मेसेज राहतो तो

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. मतं घेतात, सुधारणा करतात आणि ज्यांनी सांगितलं त्यांना कळवतच नाहीत. मी नव्या स्टिकरचा फोटो काढून चोवीस घरांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘कोमट पाण्याची आणि कांद्याची ओळ तुमच्यामुळे आली.’ यात एक रुपयाही खर्च नाही.

त्या वहिनी, ज्यांना वाटत होतं की आपल्यालाच जमत नाही, त्या पंधरा दिवसांनी बहिणीला घेऊन दुकानात आल्या. पाकीट उचलून त्यांनी आधी ती ओळ दाखवली. मेतकुटाचं नावही निघालं नाही.

आता कामाला लागा. तुमच्या मालाची चाचणी चालू असेल तर आज रात्री वहीत एवढंच लिहा: माझ्या मालात ‘पाकिटात किती उरलं’ याच्या जागी कुठला प्रश्न येईल? अगरबत्ती असेल तर किती काड्या उरल्या. साबण असेल तर वडी आत्ता कुठे आहे, न्हाणीघरात की कपाटात. शिवलेला ड्रेस असेल तर धुतल्यानंतर पुन्हा कितीदा घातला. तो एक प्रश्न सापडला की मेसेज आपोआप लिहिला जाईल. आणि बक्षीस आधी पोचवा, मगच विचारा.